दहा पीसी, चार पीएस५ आणि दोन किलोवॅटचं मीटर

प्रश्न: साताऱ्यात रस्त्याला लागून आमचा ३५० चौरस फुटांचा गाळा आहे. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे मीटर कमर्शियल आहे, पण मंजूर भार २ किलोवॅटच आहे. १० गेमिंग पीसी आणि ४ पीएस५ लावून लाउंज सुरू करायचा विचार आहे. एवढी मशीन बरोबर आहेत का? गेम विकत घेतले की तासाने खेळायला देता येतात ना? आणि वीज किती लागेल?

उत्तर:

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. नाही, गेम विकत घेतला म्हणून तो तासाच्या भाड्याने खेळायला देता येत नाही. डिस्क घेताना आपण पैसे मोजतो ते स्वतः, घरी खेळण्याच्या परवानगीचे. पीएस२-पीएस३ च्या काळात डब्याच्या मागे बारीक अक्षरात स्पष्ट छापलेलं असायचं की हे फक्त घरगुती वापरासाठी आहे. भाड्याने देणं, आर्केडमध्ये लावणं, खेळायचे पैसे घेणं चालणार नाही. आता तो मजकूर डब्यावरून ऑनलाइन करारात गेला आहे, आणि तो न वाचताच आपण सगळे 'मान्य' दाबतो. अट मात्र तीच आहे: वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापर.

हे नुसतं कंपनीचं म्हणणं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क त्याच्या मालकाकडे राखून ठेवलेला आहे, आणि गेम कायद्याच्या नजरेत प्रोग्रॅमच ठरतो. त्याच कलमात एक सूट आहे. भाड्याने देताना प्रोग्रॅम हाच मुख्य विषय नसेल, तर हा हक्क आड येत नाही. म्हणजे भाड्याच्या गाडीत सॉफ्टवेअर असतं, पण गिऱ्हाईक पैसे गाडीचे देतं. आता पीएस५ वर फुटबॉलचा गेम लावून, दोन कंट्रोलर हातात देऊन तासाचे शंभर रुपये घेतले, तर गेम हा मुख्य विषय नव्हता असं म्हणायला तोंड उरत नाही. उलट, नुसता पीसी, माऊस, खुर्ची आणि नेट भाड्याने दिलं आणि मुलाने स्वतःच्या खात्यातून लॉगिन करून स्वतःचा गेम उघडला, तर भाडं मशीनचं आहे असं म्हणायला जागा राहते. ती ढाल पक्की नाही, कारण गेम कंपनीच्या कराराच्या अटी वेगळ्या लागू होतातच. तरीही दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या लाउंजमध्ये काय ठेवायचं हे मी त्या फरकावरून ठरवेन.

मग गावोगावी पीएस५ ची दुकानं कशी चालतात? कोणी बघायला येत नाही म्हणून चालतात. आलेला धोका कोर्टाचा असतोच असं नाही. एकच खातं पाच कन्सोलवर फिरवलं की ते खातं बंद होऊ शकतं आणि त्यावर घेतलेले सगळे डिजिटल गेम त्याच्याबरोबर जातात. तक्रार केली तर पहिला प्रश्न वापर कुठे होत होता हा येतो, आणि तिथे आपली बाजू संपते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: चारही पीएस५ यादीतून काढा. बाजूच्या गल्लीत कोणीतरी ठेवेल, तुमची दोन-चार गिऱ्हाइकं तिकडे जातील, जाऊ द्या.

पीसीवर मार्ग बराच मोकळा आहे, पण तिथेही एक चुकीची पद्धत रुळली आहे. मालक स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर, 'हाउस अकाउंट' काढतो, सेलमध्ये गेम घेतो, पासवर्ड काउंटरवरच्या वहीत लिहून ठेवतो आणि येईल त्याला देतो. स्टीमचा ग्राहक करार नेमकं हेच नाकारतो. खातं दुसऱ्याला वापरायला देता येत नाही आणि वापर बिगर-व्यावसायिक हवा. वर व्यवहारातली अडचण वेगळी: एका खात्यावरचा गेम एका वेळी एकच जण नीट खेळू शकतो, म्हणजे दहा सीटांना दहा खाती, दहा वेळा खरेदी. एवढे पैसे घालूनही हाती येतं ते नियमबाह्यच.

त्याऐवजी स्टीमचा पीसी कॅफे कार्यक्रम बघा. त्यात व्यवसायाच्या नावाने नोंदणी करून व्यावसायिक लायसन्स घेता येतं. किती लायसन्स घ्यायची हे मशीनच्या संख्येवर नाही, तर तो गेम एका वेळी किती जण खेळतील यावर ठरतं. दहा मशीनवर गेम टाकलेला आहे, पण लायसन्स चार घेतली, तर एका वेळी चार जण खेळतील, पाचवा थांबेल. मर्यादा एवढीच की ज्या कंपन्यांनी आपला गेम या कार्यक्रमात दिला आहे तेवढेच मिळतात. यादी आधी बघा आणि मगच पोस्टरवर गेमची नावं छापा. मुलं स्वतःच्या स्टीम खात्याने येऊन स्वतःचे गेमही खेळू शकतात, आणि प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त मुलं तसंच करतात.

राहिले फुकट गेम: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २. गल्लीतल्या लाउंजचा मुख्य धंदा यांच्यावरच चालतो आणि इथे प्रत्येक मुलाचं स्वतःचं खातं असतं, त्यामुळे विकत घ्यायचा प्रश्न येत नाही. तरी प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये कॅफेबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचून, त्या तारखेची प्रत छापून फाइलला लावा. शंका असेल तर त्यांच्या सपोर्टला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहते.

क्रॅक केलेले गेम आणि 'जेलब्रेक' कन्सोल यांच्याबद्दल चर्चाच नको. कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हीच गोष्ट विंडोजची. दोनशे रुपयांच्या ऑनलाइन 'की' वर दहा मशीन उभी करू नका. शिवाय विंडोजच्या साध्या लायसन्समध्ये मशीन भाड्याने देण्याची परवानगी नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये सायबर कॅफेंसाठी 'रेंटल राइट्स' नावाचं जोड-लायसन्स आणलं. व्हॉल्यूम लायसन्सिंग विकणाऱ्या डीलरकडे हे नाव घेऊन विचारा. बरेच विक्रेते आधी 'असलं काही नसतं' म्हणतात, त्यांना दुसऱ्यांदा विचारा.

आता मशीन किती. लोक गाळ्याच्या क्षेत्रफळाला भागून संख्या काढतात. मी गिऱ्हाइकांच्या टोळीवरून काढतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्ही पाच विरुद्ध पाचचे खेळ आहेत, त्यामुळे मुलं पाचाच्या गटाने येतात. आठ मशीन लावली की एक गट बसतो, तीन मशीन उरतात आणि पुढचा पाचांचा गट दारातून परत जातो. ती तीन मशीन संध्याकाळी सात वाजताही रिकामी दिसतील, म्हणजे नेमक्या कमाईच्या वेळी. म्हणून आकडा एक तर सहा, नाहीतर दहा. सहात एक गट आणि एक सुटं मशीन. ते सुटं मशीन एकट्या मुलासाठी आणि एखादं बिघडलं तर गट मोडू नये यासाठी. दहात दोन गट, आणि समोरासमोर सामना लावायची सोय.

तुम्ही वायरिंग, टेबल आणि नेटच्या केबल दहांच्या टाका, मशीन सहाच घ्या. पहिले तीन महिने संध्याकाळी पाच ते दहा आणि रविवारी किती जण जागा नाही म्हणून परत गेले याची काउंटरवर काडी मारत चला. आठवड्याला दोन-तीन गट परत जात असतील तर उरलेली चार घ्या. दुपारची गर्दी मोजू नका, ती कॉलेजच्या सुट्टीवर हलते.

मशीनच्या ताकदीबद्दल थोडक्यात. या खेळांना आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० च्या आसपासचं कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई आणि २४ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर पुरतो. यापेक्षा महाग कार्ड घेऊन तासाचा दर वाढत नाही, बिल तेवढं वाढतं. पैसे जिथे खरंच लागतात ते एसएमपीएस म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, खुर्ची आणि हेडफोन. हेडफोनची वायर सगळ्यात आधी जाते, म्हणून वायर बाहेर काढता येते असाच हेडफोन घ्या आणि दोन वायरी शिल्लक ठेवा. सगळी मशीन एकसारखी घ्या. एक सेट करून बाकीच्यांवर त्याची प्रत उतरवता येते, आणि 'तीन नंबरचं फास्ट आहे' ही भांडणं होत नाहीत.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी तपासा. व्हॅलोरंटचा चीट पकडणारा प्रोग्रॅम व्हॅनगार्ड विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय गेम उघडू देत नाही. मशीन ताब्यात घेताना असेंबलरच्या दुकानातच विंडोज + आर दाबून हे चालवा:

```
tpm.msc
msinfo32
```

पहिल्यात आवृत्ती २.० दिसली पाहिजे, दुसऱ्यात `Secure Boot State` समोर `On`. नसेल तर बायोसमध्ये तिथेच करून घ्या, दहा मशीन गाळ्यात लागल्यावर नाही. दुसरं, व्हॅनगार्ड फसवणूक करणाऱ्याचं नुसतं खातं नाही, मशीनही बंद करू शकतो. एखाद्या दिवट्याने तुमच्या चार नंबरवर चीट चालवलं, तर त्यानंतर त्या मशीनवर बसणाऱ्या प्रामाणिक मुलालाही गेम उघडणार नाही. म्हणून गिऱ्हाइकांना ॲडमिन अधिकार देऊ नका, पेन ड्राइव्ह बंद ठेवा, आणि कोण किती वाजता कुठे बसलं याची नोंद ठेवा. ही नोंद तशीही लागणार आहे, का ते पुढे येतं.

नेटला प्रचंड वेग लागत नाही. खेळताना एका मशीनला १ एमबीपीएस सुद्धा लागत नाही, लागते ती स्थिर लाइन. नेट गुदमरतं ते अपडेट आल्यावर. स्टीममध्ये स्थानिक नेटवर्कवरून गेम उचलायची सोय २०२३ पासून आहे, ती चालू करा. मग एकाच मशीनवर अपडेट उतरतो आणि बाकीची त्याच्याकडून घेतात. वाय-फायवर पीसी लावू नका, एवढंच.

आता वीज. हे जरा सावकाश बघू, कारण लाउंज बंद पडतात ती बहुतेक इथेच.

असा पीसी खेळताना मॉनिटरसकट साधारण २८० वॅट घेतो. एसएमपीएसवर ६५० लिहिलंय म्हणून ६५० धरू नका, तो कमाल देण्याची क्षमता आहे. दहा पीसींचे २.८ किलोवॅट. दिवे, पंखे, राउटर, स्विच, कॅमेरे, छोटा फ्रिज मिळून ०.४. आणि मग एसी.

एसी अंदाजाने घेऊ नका. मशीनने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडतो. दहा पीसींचे २.८ किलोवॅट, बाकीचे साधारण ०.३, खेळणारे दहा आणि मागे उभे राहून बघणारे पाच अशा पंधरा जणांचे माणशी ११० वॅट धरून १.६५, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या काचेतून, स्लॅबमधून येणारे २ किलोवॅट धरा. बेरीज ६.७५. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणं, तर हिशेब दोन टनांच्या थोडा आत बसतो. तेवढाच एसी घेतला तर मेमध्ये तो धापा टाकेल, कारण बाहेर चाळीस अंश असताना त्याची क्षमता घटते. म्हणून दीड-दीड टनांचे दोन इन्व्हर्टर एसी. एक बिघडला तरी दुकान निम्म्या मशीनवर चालू राहतं. दोघांचे पूर्ण ताकदीने ३.२ किलोवॅट.

एकूण ६.४ किलोवॅट. महावितरणकडे सिंगल फेज साधारण साडेसात किलोवॅटपर्यंत मिळतो. आता तुमच्या मूळ यादीतल्या चार पीएस५ परत घाला: कन्सोलचे २०० वॅट आणि ५५ इंची टीव्हीचे १२० धरून चौघांचे जवळपास १.३. बेरीज ७.७ होते, म्हणजे थ्री फेजच्या दारात. ज्या चार मशीनना लायसन्स नाही, त्यांच्यासाठीच नवं मीटर, नवी केबल आणि जास्तीची सुरक्षा ठेव भरायची, हा सौदा मला पटत नाही.

तेव्हा मंजूर भार २ वरून ७ किलोवॅट करून घ्या. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर होतो, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, सुरक्षा ठेव वाढते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आत्ता २ किलोवॅटच्या हिशेबाने पातळ असेल, ती बदलावी लागेल, हे लाइनमनकडून आधीच बघून घ्या. आणि एक मोह टाळा. गाळ्याच्या वर घर असेल तर 'एसी घरच्या मीटरवरून घेऊ' असं कोणीतरी नक्की सुचवेल. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणाला वीज वापरली, तर दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून वापर होता ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. उन्हाळ्यातल्या एसीचं एक वर्षाचं दुप्पट बिल डोळ्यांसमोर आणा.

वायरिंग करताना दहा मशीन एका लाइनवर घेऊ नका. चार, तीन, तीन अशा तीन लाइन, प्रत्येकीला २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी. चार मशीनना पाचेक अँपिअरच लागतात, मग १६ चा सी-कर्व्ह कशाला? लाइट जाऊन आली की सगळे एसएमपीएस एकाच क्षणी आपले कपॅसिटर भरायला घेतात, आणि तो क्षणभराचा झटका नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट असतो. घरगुती दिव्यांसाठीचा बी-कर्व्ह तिथे पडतो, आणि मालक म्हणतो वायरिंग खराब. प्रत्येक एसीला स्वतंत्र ४ चौरस मिमीची लाइन आणि २० चा एमसीबी द्या. एक्स्टेन्शन बोर्डाला एक्स्टेन्शन बोर्ड जोडायचा नाही, टेबलाखाली भिंतीतच सॉकेट हवेत.

आरसीसीबी म्हणजे करंट अर्थिंगकडे गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. त्याबद्दल एक उदाहरण सांगतो. सांगली भागातल्या एका लाउंजमध्ये मला बोलावलं ते 'रोज संध्याकाळी सगळं बंद पडतं' म्हणून. दुपारी चार-पाच मशीन चालू असताना काही होत नव्हतं. संध्याकाळी सगळी भरली आणि दुसरा एसी सुरू केला की मेन बंद. आधीच्या वायरमनने दोनदा आरसीसीबी बदलला होता आणि तिसऱ्यांदा 'हाच कटकट करतोय' म्हणून तो काढून साधा स्विच बसवायला निघाला होता. मी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये घेतले. मशीन एकेक करून चालू करत गेलो तसा आकडा चढत गेला: प्रत्येक पीसीमागे सुमारे एक मिलिअँपिअर. बिघाड कुठेच नव्हता. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडा प्रवाह कायम अर्थिंगमध्ये सोडतात. एका मशीनचा काहीच नाही, पण दहा मशीन आणि दोन एसी यांचा मिळून ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला अर्ध्या वाटेवर नेऊन ठेवतो. त्यात एसी सुरू होतानाचा धक्का पडला की तो पडतो, कारण असा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. उपाय साधा होता: पीसींच्या लाइन दोन आरसीसीबींवर वाटल्या, दोन्ही एसींना तिसरा दिला. कायमची गळती ३० च्या आरसीसीबीवर नऊ-दहा मिलिअँपिअरच्या आत ठेवायची, हा माझा हिशेब. आणि आरसीसीबी काढून टाकायला सांगणाऱ्या वायरमनला चहा पाजून निरोप द्या, मुलं घामेजल्या हातांनी लोखंडी कॅबिनेटला हात लावत असतात.

तीच गळती दुसऱ्या बाजूने बघा. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो प्रवाह जायला वाट नसते आणि कॅबिनेटला मुंग्या येतात. 'खुर्चीत बसून पीसीला हात लावला की झिणझिण्या येतात' असं कोणी म्हटलं की मी आधी अर्थिंग बघतो. मल्टिमीटरने फेज-अर्थ मोजा, फेज-न्यूट्रलच्या जवळपास तेवढंच यायला हवं. मग सगळी मशीन चालू असताना न्यूट्रल-अर्थ मोजा, ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर न्यूट्रलचा कुठला तरी जोड सैल आहे किंवा वायर पातळ आहे. झेरॉक्सच्या दुकानाचं अर्थिंग इमारतीच्या जुन्या खड्ड्यावर असतं, नवीन खड्डा स्वतःचा करून घ्या. खर्च एका ग्राफिक्स कार्डाच्या मानाने किरकोळ आहे. मेनला जास्त-कमी व्होल्टेजवर तोडणारं यंत्रही बसवा. रस्त्यावर न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज आत येतं आणि एका मिनिटात दहा एसएमपीएस जातात.

बॅकअपचा हेतू सामना पूर्ण करून देणं एवढाच ठेवा. प्रत्येक मशीनला १ केव्हीएचा यूपीएस बसवा. ६०० व्हीएचे स्वस्त यूपीएस खरे ३६० वॅटचे असतात आणि २८० वॅटवर दोन-चार मिनिटांत मान टाकतात. साताऱ्यात तुमच्या फीडरला वारंवार तासभर लाइट जात असेल तर ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या चार बॅटऱ्या लावून दहा मशीन तास-सव्वा तास चालतील. पण एसी त्यावर चालणार नाही, आणि बंद खोलीत दहा पीसी अर्ध्या तासात घाम काढतात. म्हणून मी आधी लहान यूपीएस लावायला सांगतो, आणि एक महिना लाइट जाण्याची नोंद बघून मगच इन्व्हर्टर.

महिन्याच्या बिलाचा अंदाज सहा मशीनवर काढू. सकाळी अकरा ते रात्री अकरा दुकान, सरासरी निम्मा वेळ मशीन भरलेली. खेळताना ६ मशीन × ६ तास × ०.२८ म्हणजे दिवसाला दहा युनिट. उरलेले सहा तास मशीन नुसती चालू ठेवली तर ८० वॅटने आणखी तीन. एसी सरासरी निम्म्याहून कमी ताकदीने, सोळा युनिट. बाकीचं तीन. दिवसाला बत्तीस, महिन्याला ९६० युनिट. दर युनिटचा छापील दर घेऊ नका, त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि व्यापारी वापरावरचा २१ टक्के वीज शुल्क बसतं. शेजारच्या दुकानाचं बिल मागा आणि एकूण रकमेला युनिटने भागा. समजा १५ रुपये आले, तर महिन्याचे १४,४०० रुपये. विकलेले तास १,०८०. म्हणजे तासाला ६० रुपये घेतलेत तर त्यातले तेरा-साडेतेरा विजेचे. निम्मे पैसे एसीचे आहेत हे लक्षात घ्या. पश्चिमेच्या काचेला पडदा किंवा फिल्म लावल्याने जे वाचतं, ते मशीनचं सेटिंग कमी करून वाचत नाही. आणि गिऱ्हाईक उठलं की मशीन आपोआप झोपेल अशी सोय करा, ते तीन युनिट फुकट जातात.

परवान्यांचं थोडक्यात. लोकांना नेट पुरवता म्हणजे २०११ चे सायबर कॅफे नियम लागू होतात: ओळखपत्र बघायचं, नोंदवही वर्षभर जपायची, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आणि ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर मोठं माणूस हवं. व्हिडिओ गेम पार्लरसाठी पोलिसांकडून काय परवाना लागतो ते साताऱ्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारा. गुमास्ता म्हणाल तर कामगार थोडेच असल्याने ऑनलाइन सूचना पुरते. पैशांच्या पैजा लावू देऊ नका, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. राजकोटच्या गेम झोनची मे २०२४ ची आग झाल्यापासून अग्निशमनवाले असल्या जागा बारकाईने बघतात. एकच दार आणि त्यात खुर्च्या अडकवलेल्या असतील तर नकाशा आत्ताच बदला.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी भारवाढीचा अर्ज, मग अर्थिंग आणि वायरिंग, मग एसी, आणि मशीन सगळ्यात शेवटी. असेंबलर चार दिवसांत दहा पीसी आणून देतो. मीटरला किती लागतील ते मात्र तुमच्या सेक्शन ऑफिसवर आहे, आणि तोवर खोक्यातल्या पीसींची वॉरंटी चालूच असते.